फोटोतली पट्टी कुठे तोलेल?

(जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)

आज पडद्यावर एकच फोटो आहे आणि तासभर आपण त्याच्याशीच बोलणार आहोत. नीट बघून घ्या. टेबलावर एक लाकडी मीटरपट्टी आडवी ठेवलेली आहे, म्हणजे शून्यापासून शंभर सेंटिमीटरपर्यंत खुणा असलेली. पट्टीवर पितळेची दोन वजनं ठेवलेली आहेत. डावीकडे १० च्या खुणेवर २०० ग्रॅमचं, उजवीकडे ८५ च्या खुणेवर १०० ग्रॅमचं. पट्टीच्या खाली, मधल्या भागात, मी पांढरा कागद चिकटवलाय. त्या कागदामागे टेकू आहे. पट्टी आडवी, स्थिर दिसते. प्रश्न असा की टेकू कोणत्या खुणेखाली असेल?

हा फोटो मी बऱ्याच वर्षांपूर्वी एका शाळेत शिकवत असताना काढला होता. चाचणीच्या प्रश्नपत्रिकेत तो छापला आणि खाली हाच प्रश्न विचारला. उत्तरपत्रिका तपासताना माझ्याजवळ तयार उत्तर होतं: ३५. वर्गातल्या बहुतेकांनी ३५ लिहिलं. एका मुलीनं मात्र लिहिलं, "३५ च्या उजवीकडे. नक्की किती ते सांगता येणार नाही, कारण पट्टीचं वजन दिलेलं नाही." मी तिला शून्य दिलं. तिनं काय म्हटलं होतं आणि माझं काय चुकलं, तेच आज सांगायचंय.

आधी ३५ कुठून आलं ते बघू

सी-सॉवर सगळेच बसलेत. जड मूल मधल्या दांड्याच्या जवळ सरकून बसतं, हलकं मूल टोकाला बसतं, आणि मग फळी तोलते. ३० किलोचं मूल मधल्या आसापासून १ मीटरवर बसलं, तर २० किलोच्या मुलाला दीड मीटरवर बसावं लागतं. ३० गुणिले १ म्हणजे ३०, आणि २० गुणिले दीड म्हणजेही ३०. हा जो गुणाकार आहे ना, वजन गुणिले आसापासूनचं अंतर, ती फळी फिरवण्याची त्या वजनाची ताकद. पुस्तकात तिला आघूर्ण म्हणतात. दोन्ही बाजूंची ताकद सारखी झाली की फळी तोलते.

आता आपल्या फोटोत एक अडचण आहे. अंतर टेकूपासून मोजायचं, आणि टेकू तर आपल्याला माहीतच नाही! मग मोजायचं कुठून?

इथे एक युक्ती आहे. तात्पुरतं असं समजा की पट्टी शून्याच्या टोकाभोवती फिरणार आहे. २०० ग्रॅमचं वजन त्या टोकापासून १० सेंटिमीटरवर आहे, म्हणजे ते पट्टीला २००० इतक्या ताकदीनं खाली फिरवतंय. १०० ग्रॅमचं ८५ वर आहे, म्हणजे ८५००. दोन्ही मिळून झाले १०,५००. खाली पडू पाहणाऱ्या या पट्टीला वर उचलून धरणारी वस्तू एकच आहे, ती म्हणजे टेकू. आणि टेकूला पेलायचंय एकूण ३०० ग्रॅम. मग ३०० गुणिले किती केले की १०,५०० होतील? ३५. म्हणजे टेकू ३५ च्या खुणेखाली.

पटलं? आता ३५ पासून पडताळा करून बघा. डावीकडे २०० गुणिले २५ म्हणजे ५०००. उजवीकडे १०० गुणिले ५० म्हणजे ५०००. अगदी चोख बसतं. माझंही तेव्हा असंच समाधान झालं होतं. बेरीज, गुणाकार, पडताळा, सगळं बरोबर होतं. फक्त खरी पट्टी ३५ वर तोलत नाही.

फोटोत दिसतं, पण मोजलं जात नाही

त्या मुलीच्या उत्तरात होतं ते तिसरं वजन म्हणजे पट्टी. फोटोत ती सगळ्यात मोठी वस्तू आहे, आणि आपण तिलाच विसरलो! वजनांवर आकडे छापलेले असतात म्हणून ती आपल्याला 'वजनं' वाटतात. पट्टीवर सेंटिमीटरचे आकडे असतात, ग्रॅमचे नसतात, म्हणून ती आपल्याला नुसती 'अंतर' वाटते.

पट्टी सगळीकडे सारख्या जाडीची, एकाच लाकडाची असेल, तर तिचं सगळं वजन जणू मधोमध, ५० च्या खुणेवर एकवटलंय असं धरता येतं. त्या जागेला गुरुत्वमध्य म्हणतात. ही माझी पट्टी मी नंतर तोलून बघितली, ती भरली १५० ग्रॅम. आता हिशेब पुन्हा करू. शून्याच्या टोकापासून २०० गुणिले १० म्हणजे २०००, १०० गुणिले ८५ म्हणजे ८५००, आणि पट्टीचे १५० गुणिले ५० म्हणजे ७५००. एकूण १८,०००. टेकूला पेलायचे आहेत ४५० ग्रॅम. १८,००० भागिले ४५०, उत्तर येतं ४०.

३५ नव्हे, ४०. आता टेकूपासून पडताळा करा. डावीकडे २०० गुणिले ३० म्हणजे ६०००. उजवीकडे १०० गुणिले ४५ म्हणजे ४५००, आणि पट्टीचा मध्य टेकूच्या उजवीकडे १० सेंटिमीटरवर आहे म्हणून १५० गुणिले १०, म्हणजे १५००. बेरीज ६०००.

आणि टेकू खरंच ३५ वर ठेवला असता तर? वजनं एकमेकांना तोलतात, पण पट्टीचा मध्य टेकूच्या उजवीकडे १५ सेंटिमीटरवर राहतो. १५० गुणिले १५, म्हणजे २२५० ची ताकद उजवीकडे जास्त. पट्टी क्षणभरही थांबणार नाही, उजवं टोक टेबलावर आपटेल.

मग सी-सॉला हे का लागू होत नाही? लागू होतंच. पण सी-सॉचा आस फळीच्या मधोमध असतो. फळीचा गुरुत्वमध्य आसाच्या वरच येतो, अंतर शून्य, म्हणून फिरवण्याची ताकदही शून्य. फळी कितीही जड असली तरी ती हिशेबातून आपोआप गळते. शाळेत आपण तरफेची गणितं शिकतो ती बहुधा अशीच, टेकू मधोमध असलेली. त्यामुळे फळीला वजन नसतंच अशी सवय लागते, आणि टेकू मध्यापासून सरकला की ती सवय आपल्याला फसवते.

दुसऱ्या दिवशी मी मूळ फोटो काढून बघितला, कागद न चिकटवलेला. टेकू ४० च्या खुणेखाली होता. तो मीच ठेवला होता आणि मीच विसरलो होतो. मुलीचं उत्तर बरोबर होतं. माझ्यापेक्षा बरोबर होतं म्हणा ना, कारण दिलेल्या माहितीत याहून जास्त काही सांगताच येत नव्हतं. तिचे गुण मी वर्गासमोर दुरुस्त केले.

आता उलटं करू

कागद काढतो. बघा, टेकू ४० वर आहे. आता मी तुम्हाला पट्टीचं वजन सांगितलंच नाही असं समजा. फोटोवरून ते काढता येईल का?

येईल. ४० पासून डावीकडे ६००० ची ताकद आहे. उजवीकडच्या १०० ग्रॅमची ४५००. उरलेले १५०० पट्टीनं भरून काढायला हवेत, आणि तिचा मध्य १० सेंटिमीटरवर आहे. म्हणून पट्टी १५० ग्रॅमची. तराजूला हात न लावता, नुसत्या फोटोवरून आपण पट्टी तोलली. ३५ आणि ४० यांच्यातला तो ५ सेंटिमीटरचा फरक मला चूक वाटत होता. खरं तर ती पट्टीच्या वजनाची खूण होती.

पण मंडळी, इथेच थांबलो तर दुसरी फसगत होईल. टेकू '४० वर' आहे म्हणजे नक्की कुठे? फोटो मोठा करून बघा. टेकू म्हणून मी जो लाकडी ठोकळा वापरलाय, त्याचा माथा सपाट आहे, साधारण १ सेंटिमीटर रुंद. पट्टी त्यावर स्थिर आहे याचा अर्थ इतकाच की तोलबिंदू त्या १ सेंटिमीटरच्या आत कुठेतरी आहे. ठोकळ्याचा मध्य ३९.५ वर असला तरी पट्टी तोललेली दिसेल आणि ४०.५ वर असला तरी दिसेल.

अर्धा सेंटिमीटर काही फार वाटत नाही. हिशेब करून बघा. तोलबिंदू ३९.५ धरला तर डावीकडे ५९००, उजवीकडच्या वजनाचे ४५५०, उरले १३५०, आणि पट्टीचा मध्य १०.५ सेंटिमीटरवर. पट्टी आली साधारण १२९ ग्रॅम. तोलबिंदू ४०.५ धरला तर डावीकडे ६१००, उजवीकडे ४४५०, उरले १६५०, मध्य ९.५ वर. पट्टी आली साधारण १७४ ग्रॅम. टेकूच्या जागेत अर्ध्या सेंटिमीटरची शंका, आणि पट्टीच्या वजनात वीस-पंचवीस ग्रॅमची शंका!

असं का होतं? कारण आपण दोन मोठ्या संख्यांची वजाबाकी करतोय. ६००० आणि ४५००, दोन्हींत जराजरा चूक झाली की त्यांच्यातला लहानसा फरक खूप हलतो. वजनांवरून टेकू शोधताना उत्तर पक्कं येतं. टेकूवरून पट्टीचं वजन शोधताना तेच उत्तर डळमळतं. फोटो तोच असतो, पण एका प्रश्नाला तो पुरतो आणि दुसऱ्याला कमी पडतो.

फोटोतून आकडा वाचायचा कसा

आता तिसरी गोष्ट. आपण म्हणतोय वजन '१० वर' आहे. पण १० ची खूण दिसतेय का? नाही, ती वजनाखाली झाकली गेलीय. २०० ग्रॅमचं पितळी वजन साधारण ३ सेंटिमीटर रुंद आहे. मग त्याची डावी कड कुठल्या खुणेशी आहे आणि उजवी कुठल्या, ते वाचायचं आणि मधला आकडा घ्यायचा. ८.५ आणि ११.५ असेल तर मध्य १०.

पण यातही कॅमेरा लबाडी करतो. सेंटिमीटरच्या खुणा पट्टीच्या पुढच्या कडेला आहेत, आणि वजनाचा मध्य त्या कडेपासून साधारण दीड सेंटिमीटर मागे आहे. कॅमेरा पट्टीच्या मधोमध, ६० सेंटिमीटरवर धरला, तर मागची वस्तू मध्याकडे सरकलेली दिसते. १० वरचं वजन सुमारे ११ वर दिसतं आणि ८५ वरचं सुमारे ८४ वर. हे आकडे तसेच घेतले तर टेकू ४० ऐवजी ४०.२ वर येतो, म्हणजे काही बिघडत नाही. पण पट्टीचं वजन १५० ऐवजी १४० येतं. उपाय साधा आहे. तीन मीटर मागे जा आणि झूम करून फोटो घ्या. तेवढ्या अंतरावरून हा सरकाव दोन मिलिमीटरपर्यंत उतरतो.

काही जण आणखी एक चूक करतात. पट्टीवरचे आकडे नीट दिसत नाहीत म्हणून फोटोवरच फूटपट्टी ठेवून लांबी मोजतात. फोटो अगदी समोरून काढलेला असेल तर चालेल. पण तिरपा काढला असेल, तर जवळचा अर्धा भाग लांब दिसतो आणि दूरचा आखूड. समजा, पट्टीचं जवळचं टोक कॅमेऱ्यापासून २ मीटर आत आहे आणि दूरचं अडीच मीटर आत. मग पट्टीचा खरा मध्य फोटोत जवळच्या टोकापासून ५० टक्क्यांवर दिसत नाही, ५६ टक्क्यांवर दिसतो. फोटो मोजून मध्य काढलात तर सुमारे ६ सेंटिमीटर चुकाल. पट्टीवरच्या खुणा मात्र पट्टीबरोबरच आखडतात. म्हणून फोटो तिरपा असला तरी ५० ची खूण ही ५० चीच खूण राहते. फोटोतली अंतरं मोजू नका, खुणा वाचा.

आडवी दिसली म्हणजे तोलली का?

शेवटचा मुद्दा. फोटोत पट्टी आडवी आहे यावरून आपण ती तोलली आहे असं मानलं. नेहमीच तसं नसतं.

ठोकळ्याऐवजी सुरीसारखी धार असलेला टेकू घेतला, तर ही पट्टी त्यावर उभीच राहणार नाही. कारण वजनं पट्टीच्या वर आहेत, म्हणजे सगळ्यांचा मिळून गुरुत्वमध्य टेकूच्या वर आहे. जरा कलली की ती आणखीच कलते. बोटावर उभी काठी तोलावी तसं. सपाट माथ्याच्या ठोकळ्यामुळेच आपली पट्टी थांबलीय, आणि त्याच सपाट माथ्यामुळे तोलबिंदूबद्दल १ सेंटिमीटरची शंकाही आलीय. पट्टी स्थिर राहण्यासाठी नेमकेपणाची ही किंमत मोजावीच लागते.

मग नेमका तोलबिंदू काढायचा कसा? एक फोटो पुरत नाही, दोन लागतात. ठोकळा हळूहळू उजवीकडे सरकवा. पट्टी डावीकडे कलायला लागेल त्या क्षणी ठोकळ्याचा मध्य कुठे आहे त्याचा फोटो घ्या. समजा ४०.५. मग डावीकडे सरकवत न्या आणि ती उजवीकडे कलते तिथे दुसरा फोटो. समजा ३९.५. दोन्हींचा मध्य ४०, हा तुमचा तोलबिंदू. ठोकळा किती रुंद आहे याच्याशी मग काही देणंघेणं उरत नाही.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न: सर, बागेतल्या सी-सॉचा फोटो आहे. एक टोक जमिनीला टेकलंय. त्यावरून कोण किती जड ते काढता येईल का?

उत्तर: नाही. टोक जमिनीला टेकलं की जमीनही फळीला वर ढकलते, आणि ती किती ढकलते ते फोटोत दिसत नाही. इतकंच म्हणता येईल की त्या बाजूची फिरवण्याची ताकद जास्त आहे. पण फळी हवेत तिरकी थांबलेली असेल, कुठेच टेकलेली नसेल, तर मात्र हिशेब करता येतो. फळी कलली की दोन्ही बाजूंची आडवी अंतरं जवळपास सारख्याच प्रमाणात कमी होतात, म्हणून खुणांवरचे आकडे तसेच वापरता येतात. फक्त हे ध्यानात ठेवा की माणसं फळीच्या वर बसतात, म्हणून फार कललेल्या फळीवर हे तंतोतंत बसत नाही. आणि आसाचं घर्षण जास्त असेल तर फळी थोडी न तोलताही थांबून राहू शकते.

प्रश्न: तुम्ही पट्टीचा मध्य ५० धरलात. पट्टी जुनी, एका टोकाला झिजलेली असेल तर?

उत्तर: तर ५० धरू नका. आधी पट्टीवर काही न ठेवता ती नुसतीच ठोकळ्यावर तोलून बघा, दोन्ही बाजूंनी, आत्ता सांगितलं तसं. ती ४९.६ वर तोलली तर हिशेबात ४९.६ घ्या. फोटोच हातात असेल आणि पट्टी नसेल, तर निदान दोन्ही टोकं नीट बघा. काही पट्ट्यांत शून्याच्या आधी आणि शंभरच्या नंतर थोडं लाकूड सोडलेलं असतं. ते दोन्हीकडे सारखं असेल तर मध्य ५० च राहतो. एकाच बाजूला असेल किंवा एका टोकाला पत्र्याची टोपी बसवलेली असेल, तर राहत नाही.

प्रश्न: तीनच्या जागी पाच-सहा वजनं असली तर हीच रीत चालेल का, सर?

उत्तर: हीच. प्रत्येक वजन गुणिले त्याची खूण, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण वजन. फक्त यादी करताना पहिली ओळ पट्टीची लिहा. पट्टीचं वजन दिलेलं नसेल, तर ती ओळ कोरी ठेवा आणि उत्तर त्या मुलीसारखं लिहा: आधी वजनांचा तोलबिंदू काढायचा, आणि खरा टेकू त्या खुणेच्या आणि ५० च्या मध्ये कुठेतरी आहे असं सांगायचं. आपल्या फोटोत तो ३५ आणि ५० यांच्या मध्ये येतो. पट्टी जितकी जड, तितका तो ५० कडे सरकतो. पट्टीचं वजन माहीत नसताना यापेक्षा जास्त काही सांगता येत नाही, आणि परीक्षेत याला पूर्ण गुण द्यायला हवेत.